माझ्या जागी दिलेलं उत्तर

ऑक्टोबरमधला दुसरा शनिवार. रक्कम वार्षिक सोळा लाख चाळीस हजार रुपये. हजर मी, माझा नवरा, आणि फोनवर बंगळुरूच्या एका भरती कन्सल्टन्सीतली मुलगी. मी सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, लसूण सोलत होते, हात बरबटलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकून बाकावर ठेवला होता. त्यामुळे नवऱ्यानेही सगळं ऐकलं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे त्याला ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायला जागा नाही.

मुलगी हिंदीत बोलत होती. आवाजावरून पंचविशीची. सध्याचा पगार किती? अकरा लाख वीस हजार. नोटीस किती? नव्वद दिवस. नोकरी का बदलायची? बढतीसाठी. पद हैदराबादच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागाच्या मॅनेजरचं होतं, आणि सोळा चाळीस हा त्यांचा आकडा होता. मग ती म्हणाली, “मॅडम, हैदराबादला रिलोकेट व्हायची तयारी आहे ना?”

“‘ना’ काढा,” मी म्हटलं. “तयारी आहे का, असं विचारा. बुधवारी संध्याकाळपर्यंत लेखी उत्तर देते.”

“अहो मॅडम, आत्ता नुसतं हो म्हणा. मी टिक करून पुढे पाठवते. बाकीचं ऑफर आल्यावर बघू. सगळे असंच करतात.”

“मी करत नाही.”

तिने पुढचा रकाना काढला. “हजबंडची परमिशन वगैरे...?”

नवरा हसला. मला हसू आलं नाही. “ती लागली तर मी त्यांच्याकडे मागेन,” मी म्हटलं. “तुम्ही नका मागू.”

आमचं घर गोव्यात, डिचोलीपासून थोडं आत आहे. एकच घर, दोन भाऊ, दोन चुली. थोरले भावजी आणि वयनी, म्हणजे माझ्या जाऊबाई, पुढच्या बाजूला, आम्ही मागच्या बाजूला. सोपा आणि देवघर सामाईक, इंटरनेटच्या जोडणीबरोबर आलेला लँडलाइन फोन सामाईक, आणि गणपती सामाईक. चवथीची पाळी एक वर्ष त्यांची, एक वर्ष आमची. ज्याची पाळी त्याने खर्च करायचा आणि त्याच्या बायकोने रांधायचं. घरात आम्ही कोकणी बोलतो. इथे ती बोलणी मराठीत लिहिते, काही शब्द तसेच ठेवून.

मी डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या कारखान्यात काम करते. औषधाचा एक लॉट तयार झाला की त्याच्याबरोबर कागदांचा गठ्ठा येतो. कुठली पावडर किती घातली, यंत्र कोणी धुतलं, तपासलं कोणी, तापमान किती होतं. तो गठ्ठा पान न पान तपासणं हे माझं काम. आमच्याकडे दोन नियम सगळ्यांच्या वर आहेत. जे लिहिलं नाही ते झालेलं नाही. आणि जे आपण केलं नाही त्यावर सही करायची नाही. दुसऱ्याच्या जागी सही करणारा माणूस कितीही चांगला असला तरी त्याला घरी पाठवतात. माझ्यासमोर दोघांना पाठवलं. त्यातला एक तर फक्त मित्राचा खाडा लागू नये म्हणून त्याच्या रकान्यात त्याच्या नावाची आद्याक्षरं टाकून मोकळा झाला होता.

गठ्ठा मी तपासते, पण औषध बाजारात जाऊ द्यायचं की नाही याची शेवटची सही माझी नसते. ती मॅनेजरची. आमच्या कारखान्यात मॅनेजर नेहमी बाहेरून येतो, वडोदऱ्याहून नाहीतर हैदराबादहून. दोन-तीन वर्षं राहतो आणि बदलून जातो. गेल्या तिघांना कुठला कागद कुठे असतो हे मीच शिकवलं. तिसऱ्याने निरोपाच्या दिवशी मला सांगितलं, “मॅडम, तुम्ही गोवा सोडला असता तर आज माझ्या खुर्चीत असता.” वाईट बोलला नाही. खरंच बोलला. म्हणूनच मी सीव्ही नव्याने लिहून इंटरनेटवर टाकला. माझं वय तेव्हा चव्वेचाळीस, आणि अशा जाहिरातींत पंचेचाळीसच्या पुढे कोणी विचारत नाही.

तर प्रश्न होता एवढाच: तुम्ही दुसऱ्या शहरात जाल का? लोकांना हा प्रश्न एका टिकेचा वाटतो. मी तो चार दिवस घेऊन बसले.

पैशांचं उत्तर पहिल्याच दिवशी निघालं. सोळा चाळीसमधला दहावा भाग कामगिरीवर अवलंबून, तो हातात येईलच असं नाही. कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिधी आणि ग्रॅच्युइटी त्याच आकड्यात बसवलेली. कर वजा जाता हातात महिन्याला लाखाच्या आसपास. आत्ता येतात अठ्ठ्याहत्तर हजार. फरक बाविसाचा. त्यातून एका खोलीचं भाडं सोळा हजार, वेगळं रेशन, आणि दर दोन महिन्यांनी गोव्यात मोप्याच्या विमानतळावर येण्या-जाण्याचं विमान. वास्कोहून जाणारी आगगाडी स्वस्त, पण ती काही रोजची नाही. म्हणजे शिल्लक जवळजवळ काहीच नाही. कोणी म्हणालं असतं की बाई पैशांसाठी घर सोडून निघाली, तर मी त्याला हा कागद दाखवला असता.

नवरा सरकारी खात्यात कारकून. त्याची बदली फार तर वाळपईला होईल, हैदराबादला नाही. म्हणजे मी एकटी जाणार. लेक बारावीत. नव्वद दिवसांची नोटीस धरली तर मी जानेवारीच्या अखेरीस रुजू होणार आणि तिची परीक्षा लगेच पुढे. मी उत्तराच्या मसुद्यात लिहिलं होतं की मुलीच्या परीक्षेमुळे मला एप्रिलपर्यंत मुदत द्यावी. लेकीने ते माझ्या खांद्यावरून वाचलं.

“आई, हे माझ्या नावावर का घातलंस?”

“तुझी परीक्षा नाही काय?”

“आहे. पण मला विचारलंस? तू इथे असलीस तर दर तासाला विचारणार, किती झालं, किती राहिलं. मी बाबांकडे बरी अभ्यास करीन. बाबा काय विचारणार? जेवलीस काय, एवढंच.”

मी ती ओळ खोडली. रुजू व्हायला जानेवारीची अखेर, आणि परीक्षेच्या काळात दहा दिवस बिनपगारी रजा, असं लिहिलं. ती रजा माझ्यासाठी होती, तिच्यासाठी नव्हती, हे तिने मला मान्य करायला लावलं.

नवऱ्याला मी सोमवारी रात्री जेवणानंतर सरळ विचारलं. “मी जाऊ का नको, ते सांगू नकोस. मी गेले तर तू काय काय करशील, ते सांग.”

त्याने ताट चाटून-पुसून साफ केलं. मग म्हणाला, “भात मला येता. मासळी शिकतां. माशांचं हुमण बिघडलं तर फोन करीन.”

“आणि तुझे दादा काय म्हणतील?”

“दादा म्हणतलोच. तो कधी म्हणत नाही?”

ते मी होकार म्हणून धरलं. माझं उत्तर ठरलं. हो, तयार आहे. रुजू होण्याची तारीख ही, बिनपगारी रजा ही, सामान हलवण्याचा खर्च पावत्यांप्रमाणे, पहिले पंधरा दिवस राहायची सोय कंपनीने करावी. चार ओळी. मंगळवारी आणखी एकदा वाचून बुधवारी पाठवायचं, कारण मी बुधवार म्हटलं होतं.

मंगळवारी रात्री मी नवऱ्याला ते पुन्हा वाचून दाखवलं. तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, “पाठवणारच काय?”

“काल ठरलं ना?”

“ठरलं, ठरलं,” तो म्हणाला आणि आमटी मागितली.

बुधवारी सात वाजता मी मेल पाठवला. गुरुवारी संध्याकाळी पाळी सुटल्यावर गेटवरच्या कपाटातून फोन काढला. आत फोन नेता येत नाही, दिवसभर तो त्या लोखंडी कपाटात असतो. कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर मेल उघडला. इंग्रजीत तीन ओळी होत्या. मंगळवारी तुमच्या कुटुंबीयांशी झालेल्या बोलण्यानुसार तुम्ही स्थलांतरास तयार नाही अशी नोंद आम्ही केली आहे. कंपनीला तसं कळवलं आहे. पुढच्या संधींसाठी शुभेच्छा.

मी ते पुन्हा वाचलं. माझ्या चार ओळींचा त्यात उल्लेखही नव्हता. माझ्या शेजारी बसलेली पॅकिंगमधली बाई म्हणाली, “काय गो, कोण गेलं?” माझा चेहरा तसा झाला असावा. “कोणी नाही गेलं,” मी म्हटलं. “जायचं होतं ते ऱ्हवलं.”

कन्सल्टन्सीच्या फॉर्ममध्ये दुसरा नंबर विचारला होता. दिवसभर माझा फोन कपाटात असतो म्हणून मी घरचा लँडलाइन दिला होता. निरोप ठेवतील, या हिशेबाने. तो फोन सोप्यावर असतो आणि भावजी निवृत्त झाल्यापासून दिवसभर सोप्यावर असतात.

बसमधून उतरून मी चप्पल न काढता सोप्यावर गेले. भावजी आरामखुर्चीत, वयनी उंबऱ्यात तांदूळ निवडत.

“भावजी, मंगळवारी माझ्यासाठी फोन आला होता?”

“आयिल्लो,” ते म्हणाले. “कोण तरी चली, लहान पोरगी. हिंदीत बोलत होती. हैदराबादेक येणार काय म्हणून विचारलं.”

“मग?”

“मग काय? सांगितलं. वो नहीं आएगी. लडकी बारावी में है, आदमी का सरकारी नौकरी है, अगले साल चवथ का पाळी उसका है.” त्यांनी मला ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं, एखादं काम उरकल्यासारखं. “बरी चली. थँक्यू म्हणाली.”

“तुम्ही मला विचारलं?”

“त्यात विचारायचं काय? कोण विचारणार ते माहीत असलेलं?”

“तिने मला विचारलं होतं. उत्तर माझं होतं. मी बुधवारी देणार होते.”

“अगो, पण मी काय खोटं सांगितलं? पोर बारावीत नाही? पाळी तुझी नाही?”

हे मात्र खरं होतं आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. एकेक वाक्य खरं, आणि शेवटची सही खोटी. मी म्हटलं, “भावजी, उद्या बँकेतून तुमच्यासाठी फोन आला, ठेव मोडायची काय म्हणून, आणि मी सांगितलं की मोडा, म्हाताऱ्याला आता पैसे कशाला हवेत. चालेल?”

“ते वेगळं.”

“वेगळं कसं ते सांगा.”

त्यांनी आवाज चढवला. या घरातली बाई कधी एकटी परगावी राहिली नाही, लोक काय म्हणतील, भावाने जेवायचं कुठे. उंबऱ्यातून वयनी म्हणाल्या, “तुमका कोणी विचारिल्लें? फोन उचलला तर सांगायचं, ती कामाक गेल्या, रातीं कर. एवढं येत नाही?”

“तू तांदूळ बघ.”

“बघते. तुमच्यापेक्षा खडे कमी आहेत ह्यात.”

एरवी मी हसले असते. त्या संध्याकाळी मला वयनींचाही राग आला. त्या मंगळवारी घरातच होत्या. फोन चाललेला त्यांनी ऐकला असणार.

पण खरा प्रकार अजून पुढेच होता. मागे गेले तर नवरा ओट्याशी उभा होता. सोप्यावरचं सगळं त्याला ऐकू आलं होतं. बाहेर आला नव्हता.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

त्याने गॅस बारीक केला. गॅसवर काही नव्हतं.

“दादाने मंगळवारी संध्याकाळी सांगितलं.”

“मंगळवारी. म्हणजे मी रात्री तुला मेल वाचून दाखवला तेव्हा तुला माहीत होतं की नाही म्हणून कळवून झालंय.”

“मला वाटलं, बघू. तुझा मेल गेला की त्यांना कळेल.”

“आणि आमटी मागितलीस.”

त्याने गॅस बंद केला. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी रागावले नव्हते. भावजी जुना माणूस. त्यांना वाटलं आपण घर सांभाळलं. हा मात्र समोर बसून माझ्या चार ओळी ऐकत होता, रजा किती, सामानाचा खर्च कसा, आणि ज्या कागदावर मी ते मांडत होते तो आधीच फाडलेला आहे हे त्याला ठाऊक होतं. मी त्याला तेच सांगितलं. आणखीही बरंच सांगितलं. त्यातलं काही इथे लिहिण्यासारखं नाही. लेक तिच्या खोलीतून बाहेर आली, आमच्या दोघांकडे बघितलं आणि पुन्हा आत गेली. त्या रात्री आमच्या चुलीवर काही चढलं नाही. वयनींनी ताट झाकून पाठवलं. आम्ही दोघांनीही खाल्लं नाही, लेकीने खाल्लं.

शुक्रवारी मी सकाळची अर्धी रजा घेतली आणि कन्सल्टन्सीतल्या त्या मुलीला फोन केला. तिने चटकन उचलला.

“मॅडम, सॉरी, फाइल क्लोज झालीय. कंपनीला दुसरे दोन सीव्ही गेलेत.”

“माझं उत्तर तुम्हाला बुधवारी लेखी मिळालं. ते वाचलं?”

“वाचलं. पण फॅमिली राजी नसेल तर मॅडम, कँडिडेट शेवटी येतच नाही. मागच्या महिन्यात एक मॅडम रुजू व्हायच्या दिवशी नाही म्हणाल्या. आम्हाला फी मिळते ती माणूस रुजू झाल्यावर. आणि तीन महिन्यांत सोडून गेला तर आम्ही फुकट दुसरा शोधून द्यायचा. माझा इन्सेन्टिव्ह गेला.”

“तुमचं नुकसान मला समजतं. पण एक सांगा. तुम्ही पुरुष उमेदवाराच्या घरी फोन करून, जो उचलेल त्याचं उत्तर घेता?”

पलीकडे तिचा कीबोर्ड वाजत राहिला.

“घेता?”

“नाही मॅडम,” ती म्हणाली. मग आवाज खाली करून, “खरं सांगते, सीनियरनी सांगितलंय की बायका असतील तर घरच्यांशी पण बोलून घ्या. मी लग्न करीन तेव्हा माझ्या घरी पण असाच फोन जाईल.”

मला तिचा राग होताच, पण तिच्यावर काढून उपयोग नव्हता. तिचं वय माझ्या लेकीपेक्षा सात-आठ वर्षांनी जास्त. मी म्हटलं, “मी तुम्हाला आत्ता एक मेल लिहिते. तो जसाच्या तसा कंपनीच्या गुणवत्ता प्रमुखाकडे पाठवाल? तुमच्या शब्दांत नको. माझ्या.”

“पाठवते. पण हमी देत नाही.”

“हमी मागितली नाही.”

मग मी बसून तो मेल लिहिला, आणि मला एकच पद्धत येते त्या पद्धतीने लिहिला. आमच्याकडे काही चुकलं की एक टिपण करावं लागतं: काय घडलं, का घडलं, आत्ता काय दुरुस्त केलं, पुन्हा घडू नये म्हणून काय केलं. तसंच. घडलं ते असं की स्थलांतराबाबत नकाराची नोंद झाली, जो उमेदवाराने दिलेला नाही. कारण असं की उमेदवाराने सामाईक घराचा क्रमांक पर्यायी क्रमांक म्हणून दिला, आणि भरती करणाऱ्यांनी उमेदवार फोनवर नसताना प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याकडून घेतलं. दुरुस्ती अशी की उमेदवाराचं उत्तर होकारार्थी असून ते बुधवारच्या मेलमध्ये अटींसह आहे. आणि पुढची खबरदारी: पर्यायी क्रमांक रद्द. कामाच्या वेळेत निरोप फक्त मेलवर पाठवावा. कोणाचं नाव घातलं नाही, ‘दीर’ हा शब्दही घातला नाही. वाचून बघितला. राग कुठे दिसत नव्हता. सगळा कागदाखाली होता.

पुढच्या आठवड्यात मुलाखत झाली, लॅपटॉपवर. नवऱ्याला मी खोलीत बसू दिलं नाही. तिकडे तीन माणसं होती, त्यात गुणवत्ता प्रमुख एक चष्मेवाल्या बाई. तासभर कामाचं विचारलं. शेवटी एक गृहस्थ म्हणालेच, “आणि घरचे? मिस्टर?” मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, “त्यांनी ते लेखी दिलंय, सर. दोन वेळा.” आणि मला म्हणाल्या, “तुमचं टिपण वाचलं. कारण लिहिताना स्वतःची चूक आधी घातलीत. आमच्याकडे ते शिकवायला वर्ष जातं.”

ऑफर आली ती पंधरा लाख नव्वद हजारांची. पन्नास हजार कमी. मी सोळा मागितले, कन्सल्टन्सीतल्या मुलीने मधल्यामध्ये धावपळ केली, आणि सोळा लाखांवर ठरलं. सामान हलवायला साठ हजारांपर्यंत, तीन दरपत्रकं आणि पावत्या दाखवून. वर्षाच्या आत सोडलं तर ते पैसे परत. मी ते कलम पूर्ण वाचलं आणि प्रत्येक पानावर सही केली. मुलीने फोन करून म्हटलं, “मॅडम, प्लीज, रुजू व्हा हां.” मी म्हटलं, “मी लिहिलंय.”

नवऱ्याशी माझं बोलणं तोवर कामापुरतंच होतं. गॅस संपला, दूध आणलं, बिल भरलं. नोटिशीचे तीन महिने असेच गेले. एकदा त्याने हुमण केलं, फार आंबट. मी खाल्लं आणि काही बोलले नाही, आणि ते न बोलणं त्याला टोमण्यापेक्षा जास्त लागलं. निघायच्या आदल्या रविवारी तो म्हणाला, “दादासमोर माझं तोंड उघडत नाही. लहानपणापासून नाही उघडत.”

“दादासमोर नकोच उघडू,” मी म्हटलं. “माझ्यासमोर उघड. त्या मंगळवारी मी तुझ्यासमोरच बसले होते.”

मी निघाले त्या दिवसापर्यंत भावजींनी माझ्याशी बोलणं टाकलेलंच होतं. पेडण्याकडच्या चोपड्याहून माझा भाऊ गाडी घेऊन आला, त्याने बॅगा चढवल्या. वयनींनी देवाकडे नारळ ठेवला. भावजी खुर्चीतून एवढंच म्हणाले, कोणाकडेही न बघता, “पाळी लक्षात असू दे.”

“असेल,” मी म्हटलं. रागानेच म्हटलं.

हैदराबादेत पहिल्या महिन्याअखेर मी शेवटच्या रकान्यात सही केली. त्याबद्दल फार लिहीत नाही. पेन नवं होतं आणि शाई थोडी पसरली, म्हणून पुढल्या पानापासून जुनं घेतलं.

लेकीची परीक्षा झाली. दहा दिवस मी होते, आणि दर तासाला विचारलं.

आता चवथीचं. आमच्याकडे गणपती मूर्तिकाराच्या चितारशाळेतून येतो. महिना-दीड महिना आधी घरचा पाट तिथे नेऊन द्यायचा, त्यावरच मूर्ती घडते. सगळ्या गावाचे पाट तिथे उभे असतात, म्हणून कोणाचा कुठला ते कळायला पाटाच्या खालच्या बाजूला खडूने नाव लिहितात. आमच्या पाटावर वर्षानुवर्षं भावजींचं नाव असतं. पाळी त्यांची असो की आमची, पैसे त्यांनी दिलेले असोत की आम्ही, नाव त्यांचंच. ते घरातले थोरले म्हणून. मीही इतकी वर्षं त्यात काही वावगं पाहिलं नव्हतं.

जुलैमध्ये एका रविवारी दुपारी नवऱ्याचा फोन आला. मागे ठोकाठोकीचा आवाज.

“चितारशाळेत आहे. पाट आणलाय. मूर्तिकार विचारतो, नाव काय घालू?”

“दरवर्षी काय घालतात?”

“दादाचं. दादा आहे इथे, बाजूलाच उभा आहे.” मला वाटलं, आता म्हणेल की दादाचंच घालतो, उगीच वाद नको. तो म्हणाला, “पण पाळी तुझी. पैसे तुझे. मी परस्पर काही घालणार नाही. म्हणून तुला विचारतो. तुझं नाव घालू?”

दादा बाजूला उभे असताना त्याने ते विचारलं. मोठ्याने. मला मागून भावजींचा आवाज आला, “विचारायचं काय त्यात?” आणि नवऱ्याचा, “विचारायचंच, दादा.”

माझा राग गेला असं मी लिहिणार नाही. गेला नाही. पण त्याला उत्तर द्यायला मला बुधवारपर्यंत वेळ लागला नाही.

“घाल,” मी म्हटलं.

मूर्तीचे नऊ हजार रुपये, मूर्तिकाराला, त्याच दुपारी माझ्या खात्यातून दिले.